उजवी शिफ्ट, आठ सेकंद आणि हरवलेली अक्षरं

‘गरवारी पणी बंदद राहल.’

सोसायटीच्या ग्रुपवर असा मेसेज आला, तर लिहिणारा घाईत होता, असं आपण समजतो. पण त्यातल्या चुका नीट पाहा. ‘गुरुवारी’मधले दोन्ही उकार गेले आहेत, ‘पाणी’तला काना गेला आहे, ‘राहील’ची वेलांटी गेली आहे. आणि ‘बंद’मधला द मात्र दोनदा आला आहे. घाईत टाइप करणाऱ्याच्या हातून शेजारचं बटण दाबलं जातं, अक्षरांची अदलाबदल होते. इथे तसं काही झालेलं नाही. काही अक्षरं आलीच नाहीत आणि एक जास्तीचं आलं. अशा चुका दिसल्या आणि लिहिणारा विंडोजच्या कॉम्प्युटरवर बसला असेल, तर माझी पहिली शंका फिल्टर कीजवर असते.

फिल्टर कीज ही विंडोजमधलीच एक सोय आहे. ती चालू असली की कॉम्प्युटर बटणाचा ओझरता स्पर्श मोजत नाही. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी ती केलेली आहे. ज्यांना तिची गरज नाही, त्यांच्याकडे ती नकळत चालू झाली तर मात्र कीबोर्ड खराब झाला अशीच समजूत होते, आणि पुष्कळदा नवा कीबोर्डही विकत घेतला जातो.

आधी एका बटणापुरतं बघू. रोज टाइप करणारा माणूस एक बटण साधारण सेकंदाचा दहावा भाग दाबतो आणि सोडतो. फिल्टर कीज चालू झाल्यावर विंडोजची मूळ सेटिंग अशी असते की बटण पूर्ण एक सेकंद दाबलेलं राहिलं तरच ते अक्षर घ्यायचं. त्याआधी बोट उचललं, तर ते दाबणं झालंच नाही असं धरलं जातं. अक्षर कुठे साठवलं जात नाही, मागाहून येत नाही. ते टाकून दिलं जातं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवण्यासारखी आहे. लोक तक्रार करताना म्हणतात, ‘अक्षरं उशिरा येतात.’ ते तसं वाटतं, कारण बोट दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत सेकंद जातो. पण भराभर टाइप केलेली अक्षरं उशिरा येत नाहीत, ती येतच नाहीत. कॉम्प्युटर नुसता मंद झाला असेल तर उलटं घडतं. तुम्ही दहा अक्षरं टाइप करता, पडद्यावर काहीच हलत नाही, आणि मग ती दहाच्या दहा एकदम येऊन पडतात. बराच वेळ बस नाही आणि मग एकामागोमाग तीन, असा स्टॉपवरचा अनुभव असतो ना, तसं. उशीर झाला, पण आल्या सगळ्या. फिल्टर कीजमध्ये नंतर कितीही वाट पाहिली तरी गेलेलं अक्षर येत नाही. हा फरक ओळखता आला की निम्मं निदान झालं.

मग ‘बंदद’ कुठून येतं? ते आपल्या स्वभावातून येतं. अक्षर उमटत नाही म्हटल्यावर माणूस बटण जोरात दाबतो. जोराचा काही उपयोग नसतो, पण जोरात दाबताना बोट जास्त वेळ खाली राहतं. सेकंद झाला की अक्षर उमटतं. तोवर वैतागून आपण बोट तसंच रेटून धरलेलं असतं, आणि आणखी थोडा वेळ ते तिथेच राहिलं तर तेच अक्षर परत येऊ लागतं. मूळ सेटिंगमध्ये हे परत येणं दर अर्ध्या सेकंदाला होतं. म्हणजे एकाच मेसेजमध्ये काही अक्षरं गायब आणि काही दोन-तीनदा, हे दोन वेगवेगळे बिघाड नाहीत. लवकर सुटलेलं बोट अक्षर गमावतं, उशिरा सुटलेलं बोट ते दोनदा देतं.

खोडायला गेलं तरी तेच. एरवी बॅकस्पेस दाबून धरली की ओळ झरझर पुसली जाते. आता आधी सेकंदभर काहीच होत नाही, मग एकेक अक्षर रेंगाळत जातं. मराठीत तर ‘णी’ पुसायचा म्हणजे आधी वेलांटी जाते आणि मग ण, त्यामुळे हे रेंगाळणं आणखी जाणवतं.

आता ही सोय चालू होते कशी ते पाहू. उजव्या बाजूचं शिफ्ट बटण, दुसरं काहीही न दाबता, सलग आठ सेकंद धरून ठेवलं की विंडोज विचारतं:

```
Do you want to turn on Filter Keys?
```

खाली Yes आणि No अशी दोन बटणं असतात. डाव्या शिफ्टने हे होत नाही, उजवीनेच होतं. आठ सेकंद ऐकायला फार वाटतात. पण बोट शिफ्टवर ठेवून माणूस विचार करत बसला, शेजारचा कागद वाचू लागला किंवा कोणाशी बोलू लागला, की आठ सेकंद सहज जातात. कीबोर्डच्या उजव्या कडेवर वही किंवा फाइल टेकली तरी चालतं. कॉम्प्युटर चालू ठेवून कीबोर्ड फडक्याने पुसताना होतं. लहान मूल कीबोर्डवर हात ठेवून बसलं तर होतं.

मराठी टाइप करणाऱ्यांच्या बाबतीत याला एक खास कारण आहे. इन्स्क्रिप्ट हा आपल्याकडचा प्रमाण कीबोर्ड आराखडा. पुण्यातल्या सी-डॅकमुळे इथल्या पुष्कळ लोकांचा हात त्यावर बसलेला आहे. या आराखड्यात स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताला असतात आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. इंग्रजी E च्या बटणावर काना असतो आणि शिफ्ट धरून तेच बटण दाबलं की आ येतो. अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ हे सगळे स्वर असेच शिफ्ट धरून, डाव्या हाताने टाइप करायचे. डावा हात अक्षरात गुंतलेला, म्हणून शिफ्ट धरायची ती उजव्या करंगळीने, उजव्या बाजूची. शिकवतातही तसंच. आणि आपल्या पत्रांची, सूचनांची सुरुवात कशाने होते? ‘आदरणीय’, ‘आपणास’, ‘आज’, ‘उद्या’, ‘एक विनंती’. म्हणजे मजकूर सुरू करण्याआधी, विचार करण्याच्या नेमक्या वेळी, करंगळी उजव्या शिफ्टवर जाऊन थांबलेली असते.

कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या ऑफिसात मी हा प्रकार जवळून पाहिला. तिथले सेक्रेटरी निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना काका म्हणतात. इन्स्क्रिप्टवर त्यांचा हात चांगला बसलेला. पाणी बंदची सूचना ग्रुपवर टाकायची होती. व्हॉट्सअ‍ॅप कॉम्प्युटरवर उघडलेलं. त्यांची प्रत्येक सूचना ‘आपणास कळविण्यात येते की’ या शब्दांनी सुरू होते. त्या दिवशीही ‘आ’ काढण्यासाठी उजवी करंगळी शिफ्टवर गेली, आणि तेवढ्यात आठवलं की तारीख रजिस्टरमध्ये पाहायला हवी. डाव्या हाताने पानं उलटली, चष्मा सारखा केला, तारीख सापडली. करंगळी शिफ्टवर तशीच. आठ सेकंद झाले आणि पडद्यावर तो प्रश्न आला. स्पीकर बंद होते, त्यामुळे आवाजही आला नाही.

काकांची नजर रजिस्टरवर. त्यांनी ‘आपणास’ टाइप केलं आणि स्पेस दाबली. ती अक्षरं मेसेजमध्ये गेलीच नाहीत, कारण समोर आता प्रश्नाची खिडकी उघडी होती. आणि त्या खिडकीत निवड आधीपासून Yes वर असते. स्पेस दाबणं म्हणजे ते बटण दाबणं. खिडकी आली तशी गेली. काकांनी मान वर केली तेव्हा पडद्यावर नेहमीचा ग्रुप होता, मेसेजची जागा रिकामी होती आणि फिल्टर कीज चालू झालेली होती.

म्हणूनच ‘मी काही चालू केलं नाही’ असं लोक म्हणतात तेव्हा ते खरं बोलत असतात. मान खाली घालून टाइप करणाऱ्याला तो प्रश्न दिसतच नाही. स्पेस किंवा एंटर, जे आधी दाबलं जाईल, ते परस्पर होकार देऊन टाकतं.

पुढचा शब्द ‘कळविण्यात’. इन्स्क्रिप्टमध्ये यासाठी शिफ्ट सोडून नऊ दाबण्या लागतात: क, ळ, व, पहिली वेलांटी, ण, हलन्त, य, काना, त. काकांचा हात एरवी हा शब्द दोन-तीन सेकंदांत काढतो. आता नऊच्या नऊ दाबण्या एकेक सेकंद धरल्या तरच शब्द पुरा होणार, म्हणजे कमीत कमी नऊ सेकंद. त्यांच्या नेहमीच्या वेगाने एकही अक्षर उमटलं नाही. त्यांनी जोर लावला, तेव्हा ‘ककळव’ उमटलं. पुसायला गेले तर बॅकस्पेसही रेंगाळायला लागली. शेवटी त्यांनी ‘आपणास कळविण्यात’ सोडून दिलं, जेवढं जमेल तेवढं टाइप केलं आणि पाठवलं. ‘गरवारी पणी बंदद राहल’ तिथून आलं.

ज्यांच्याकडून कॉम्प्युटर घेतला होता त्यांना फोन झाला. त्यांनी न बघताच कीबोर्ड बदला म्हणून सांगितलं. नवा कीबोर्ड आला, जोडला, आणि तोही तसाच वागायला लागला. खरं तर याच क्षणी उत्तर समोर होतं. दोन वेगळे कीबोर्ड अगदी एकसारखे बिघडत नाहीत. दोन्हीत जे समान आहे, म्हणजे कॉम्प्युटर आणि त्यातली सेटिंग, तिथे बघायला हवं होतं. पण ऑफिसात ठरलं ते असं की कॉम्प्युटरच जुना झाला.

मी गेलो तेव्हा काकांना म्हटलं, ‘काका, नोटपॅड उघडा, आणि क चं बटण हळूच दाबून ठेवा. जोर नको. मी सांगेपर्यंत बोट उचलू नका.’ एक सेकंद काहीच नाही. मग क आला. थोडं थांबून दुसरा क. मग अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने क, क, क. मग म्हटलं, ‘आता त च्या बटणाचं तसंच करा.’ तेच झालं, त्याच चालीने. ‘आता नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबा.’ काहीच उमटलं नाही. काका म्हणाले, ‘अरे, म्हणजे ह्याला मी किती वेळ दाबतो ते कळतंय.’ बरोबर तेच. बिघडलेलं बटण वेळ मोजत नसतं.

ही चाचणी कोणालाही करता येते आणि तिला काही लागत नाही. नोटपॅडच घ्यायचं कारण एवढंच, की व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर किंवा टायपिंगचं एखादं सॉफ्टवेअर यांचा स्वतःचा काही घोळ असेल तर तो बाजूला पडतो. तीन-चार वेगवेगळी बटणं बघायची. सगळी सारख्याच वेळाने उमटली आणि हलक्या दाबण्याने एकही उमटलं नाही, तर फिल्टर कीज. एकच बटण दोनदा अक्षर देत असेल आणि बाकीची ठीक असतील, तर त्या बटणाखाली कचरा गेलाय, चहा सांडलाय किंवा ते झिजलंय. तिथे सेटिंग बदलून काही होणार नाही. बिनतारी कीबोर्ड असेल आणि अक्षरं कधी येतात, कधी नाही, काही ताळतंत्रच नाही, तर आधी सेल बदला. फिल्टर कीज लहरी नसते, ती दर वेळी तेच करते.

आणखी एक खूण पडद्यावरच असते. उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या आसपास, फिल्टर कीज चालू असताना स्टॉपवॉचसारखं छोटं चित्र दिसू शकतं. कधी ते बाणाखाली लपलेल्या चित्रांमध्ये जातं, आणि कोणी ती खूण बंद करून ठेवली असेल तर दिसतही नाही. त्यामुळे ते दिसलं तर खात्री झाली, पण दिसलं नाही म्हणून शंका सोडू नका.

बंद करायची पहिली युक्ती चालू झाली त्याच वाटेची. उजवी शिफ्ट पुन्हा सलग आठ सेकंद धरा. मध्ये दुसरं बटण लागलं तर मोजणी मोडते, म्हणून बाकीची बोटं बाजूला घ्या. फिल्टर कीज बंद होते. मग नोटपॅडमध्ये टिचकी मारून खात्री करा.

एवढ्याने आज भागेल, पण ज्यांची करंगळी सवयीने शिफ्टवर थांबते त्यांच्याकडे हे परत होणार. म्हणून सेटिंगमध्ये जाणं बरं, आणि तिथे माउसनेच जा, कारण कीबोर्ड अजून अडखळत असू शकतो. विंडोज ११ मध्ये Settings उघडा, मग Accessibility, मग Keyboard, आणि तिथे Filter keys. समोरचा खटका बंद करा. मग त्याच ओळीवर टिचकी मारून आत जा. आत ‘Keyboard shortcut for Filter keys’ असा वेगळा खटका आहे. उजव्या शिफ्टची वाट बंद करायची ती इथे. पहिला खटका बंद केल्याने फक्त आत्ताचा त्रास थांबतो. दुसरा बंद केला की आठ सेकंदांचा प्रश्न पुन्हा येतच नाही. बहुतेक जण पहिला बंद करून उठतात, आणि पंधरा दिवसांनी तीच तक्रार येते. विंडोज १० मध्ये वाट Settings, Ease of Access, Keyboard अशी आहे. तिथे ‘Use Filter Keys’ हा खटका आणि त्याच्या खाली शॉर्टकटची चौकट आहे.

ही सेटिंग विंडोजमधल्या ज्या त्या खात्यापुरती असते. घरात एकाच कॉम्प्युटरवर आईचं वेगळं आणि मुलाचं वेगळं खातं असेल, तर एकाला त्रास आणि दुसऱ्याला काहीच नाही, असं होऊ शकतं. मुलगा स्वतःच्या खात्यात बसून ‘चालतोय की’ म्हणतो आणि आई परत बसली की तेच. हे दिसलं तर कीबोर्डचा संशय तिथेच सोडा.

पासवर्ड टाकण्याच्या पडद्यावर हा प्रकार सर्वांत जास्त घाबरवतो, कारण तिथे अक्षरं दिसत नाहीत, फक्त ठिपके दिसतात. आठ अक्षरांच्या पासवर्डला पाचच ठिपके उमटले, किंवा एका बटणाला दोन, तर पासवर्ड विसरलेला नाही. त्या पडद्यावर उजवीकडे खाली माणसाच्या आकृतीचं एक छोटं चित्र असतं. त्यावर माउसने टिचकी मारली की यादी उघडते, त्यात Filter Keys आणि Sticky Keys दोन्ही असतात. तिथून बंद करून पासवर्ड परत टाका.

फिल्टर कीजचाच एक वेगळा प्रकार बाउन्स कीज. तो सहसा अपघाताने चालू होत नाही, पण कोणी सेटिंगमध्ये फिरून आलं असेल तर राहून जातो. त्यात बटण किती वेळ दाबलं हे पाहिलं जात नाही. तेच बटण लगेच दुसऱ्यांदा दाबलं, तर दुसरी दाबणी टाकून दिली जाते. याचा पत्ता लागणं जास्त अवघड, कारण बाकी सगळं व्यवस्थित चालतं. इन्स्क्रिप्टमध्ये ‘ननंद’ टाइप करताना न चं बटण लागोपाठ दोनदा दाबावं लागतं. बाउन्स कीज असेल तर ‘नंद’ उमटतं. ‘बबन’चा ‘बन’ होतो, ‘ममता’ची ‘मता’ होते. आणि जे इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितात, aa दाबून काना काढतात, त्यांच्या दीर्घ अक्षरांचाच घोळ होतो. फक्त जोडीची अक्षरं जात असतील, तर Filter keys च्या पानावर Bounce keys चा खटका बघा.

आता स्टिकी कीजबद्दल. तिचं नाव याच तक्रारीत नेहमी येतं, पण तिची लक्षणं अगदी वेगळी आहेत. कोणतंही शिफ्ट बटण लागोपाठ पाच वेळा दाबलं की विंडोज स्टिकी कीज चालू करायची का असं विचारतं. मुलं गेम खेळताना शिफ्ट सारखी दाबतात, तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. ही चालू असताना शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही. एकदा दाबून सोडली की ती पुढच्या एका अक्षराला लागू होते. दोनदा दाबली तर कायमची लागते, पुन्हा दाबेपर्यंत. कंट्रोल आणि आल्टचंही तसंच.

इथे अक्षर हरवत नाही, बदलतं. इन्स्क्रिप्टमध्ये क वर शिफ्ट म्हणजे ख, काना वर शिफ्ट म्हणजे आ, म वर शिफ्ट म्हणजे ण. शिफ्ट लागून राहिलेली असताना ‘काम’ लिहायला गेलात तर ‘खआण’ उमटतं. हे वाचून कोणालाही वाटेल की फॉन्ट बिघडला. व्हॉट्सअ‍ॅपवर दुसरी खूण अशी, की एंटर दाबल्यावर मेसेज जात नाही, कर्सर खालच्या ओळीत जातो. शिफ्ट आणि एंटर मिळून नवी ओळ सुरू होते, आणि मागे दाबलेली शिफ्ट अजून लागून बसलेली असते.

पण स्टिकी कीज दोन्ही हातांनी टाइप करणाऱ्याकडे सहसा टिकत नाही. शिफ्ट आणि अक्षर एकाच वेळी दाबलं की ती आपोआप बंद होते, अशी मूळ सेटिंग आहे. त्यामुळे ‘सकाळी झालं, आता नाही’ अशा तक्रारी येतात. फिल्टर कीज तशी आपणहून जात नाही. दिवसभर एकसारखा त्रास होत असेल, तर माझा कौल फिल्टर कीजकडेच असतो. स्टिकी कीज बंद करायला शिफ्ट पुन्हा पाच वेळा दाबा, आणि तिचाही शॉर्टकट हवा तर Accessibility, Keyboard, Sticky keys इथे काढून टाका.

मॅकवर स्लो कीज या नावाने हीच सोय आहे, पण तिथे ती आठ सेकंदांच्या शिफ्टने चालू होत नाही, System Settings मधल्या Accessibility मधून करावी लागते. लिनक्समध्ये कीबोर्डवरून चालू करण्याची परवानगी दिलेली असेल, तर शिफ्ट धरून ठेवल्याने होते. मोबाइलच्या पडद्यावर टाइप करताना अक्षरं अडखळत असतील तर त्याचं कारण वेगळं आहे, वर सांगितलेलं काही तिथे लागू नाही.

कोणी म्हणेल, इतका घोळ होतो तर विंडोज हा शॉर्टकट ठेवतंच कशाला? याचं उत्तर मला महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ट्रेस सेंटरमध्ये अपंग व्यक्तींना कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून या सोयींवर काम झालं, आणि विंडोज ९५ पासून त्या विंडोजमध्येच आल्या. ज्याचा हात थरथरतो, त्याच्याकडून एक बटण दाबताना शेजारची दोन लागतात, आणि दाबलेलं बटण वेळेवर सुटत नाही. त्याला ओझरते स्पर्श गाळणारा कीबोर्ड हवा. पण ती सोय मेनूच्या चार पायऱ्या उतरून चालू करावी लागली, तर ज्याच्यासाठी ती आहे त्याच माणसाला तिथवर पोचता येणार नाही. एक बटण धरून ठेवणं त्याला जमतं. म्हणून शॉर्टकट आधीपासून चालू ठेवलेला असतो, आणि एकाच बटणावर असतो.

तेव्हा वाचनालयातला, बँकेच्या रांगेजवळचा, ज्येष्ठ नागरिक संघातला, असा अनेकांनी वापरायचा कॉम्प्युटर असेल, तर तिथे शॉर्टकट सरसकट काढू नये असं मी सांगतो. तिथे लागेल तेव्हा बंद कशी करायची हे शिकवलं की पुरतं. स्वतःच्या लॅपटॉपवर मात्र खुशाल काढा.

आणि घरात कोणाला कंपवात असेल, किंवा अक्षरं नेहमीच दोन-दोनदा येत असतील, तर उलट विचार करा. वय झालेली माणसं बटणावर बोट जरा जास्त वेळ ठेवतात, आणि विंडोजची एरवीची सेटिंग अर्ध्या सेकंदातच अक्षर परत द्यायला लागते. ‘नमस्कारररर’ तिथून येतं. अशांच्या कॉम्प्युटरवर फिल्टर कीज मुद्दाम चालू करावी, पण तिची मूळ सेटिंग तशीच ठेवू नये. एक सेकंद बहुतेकांना फार जड जातो. Filter keys च्या पानावर, बटण सेकंदभर धरायला लावणारा Slow keys बंद ठेवा आणि फक्त Repeat keys घ्या. त्यात अक्षर परत यायला लागण्याआधीचा थांबा वाढवता येतो, किंवा परत येणंच बंद करता येतं. हलकी दाबणी लगेच उमटते आणि रेंगाळलेल्या बोटाने अक्षर दुसऱ्यांदा येत नाही. शेजारची बटणंही चुकून लागत असतील तरच Slow keys घ्या, आणि तोही ०.३ सेकंदापासून सुरू करा. दोन-तीन दिवस वापरून, त्या व्यक्तीला विचारून, मग थोडा थोडा वाढवा.

काकांच्या कॉम्प्युटरवर आम्ही शॉर्टकट काढून टाकला. त्याच ऑफिसात दुपारी हिशेब लिहायला एक काकू येतात. त्यांचा उजवा हात थोडा थरथरतो आणि त्यांची अक्षरं कायम दोनदा पडायची. त्यांच्यासाठी विंडोजमध्ये वेगळं खातं उघडलं आणि त्यात Repeat keys लावून दिलं.